डोळ्याबद्दल डोळा: मूळ खटला आणि पुढचा हिशोब

दोन पुरुष मारामारी करताहेत. जवळ उभी असलेली गरोदर बाई त्यात सापडते, तिला धक्का बसतो आणि मूल अवेळी बाहेर येतं. ‘डोळ्याबद्दल डोळा’ हे वचन बायबलमध्ये पहिल्यांदा येतं ते या प्रसंगात, निर्गमाच्या २१व्या अध्यायात. आणखी इजा झाली नसेल तर बाईचा नवरा मागेल तो दंड न्यायाधीशांच्या संमतीने भरायचा. इजा झाली असेल तर ‘जिवाबद्दल जीव, डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात, हाताबद्दल हात, पायाबद्दल पाय’, आणि पुढे चटका, जखम, फटका अशी ती यादी जाते. ही ‘इजा’ आईची की बाळाची, यावर भाष्यकारांचं आजतागायत एकमत नाही.

ही यादी त्या प्रसंगाला नीट बसत नाही. मारामारीतल्या धक्क्याने बाईला चटका कसा बसेल? शिवाय तिला मारण्याचा कुणाचा हेतूही नव्हता. म्हणजे हे वचन या खटल्यासाठी घडवलेलं दिसत नाही. न्यायाचं एक ठरलेलं सूत्र आधीपासून लोकांच्या तोंडी असावं आणि ते इथे जोडलं गेलं असावं. सूत्र म्हटलं की ते शब्दशः अमलात आणायचं की त्यातून प्रमाण घ्यायचं, हा प्रश्न आलाच.

त्याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही, वचनाच्या अलीकडचं आणि पलीकडचं वाचलं की पुरे. अलीकडे, १८व्या-१९व्या वचनांत, भांडणात एकाने दुसऱ्याला दगडाने किंवा मुठीने मारल्याचा खटला आहे. मार खाल्लेला माणूस अंथरुणाला खिळतो, पण पुढे काठी टेकत हिंडूफिरू लागतो. मारणाऱ्याला शिक्षा काय? त्याने बुडालेल्या कामाचे दिवस भरून द्यायचे आणि उपचारांचा खर्च करायचा. जखमेबद्दल जखम इथे नाही. पलीकडे, २६व्या-२७व्या वचनांत, मालकाने आपल्या गुलामाचा डोळा फोडला किंवा दात पाडला तर गुलाम मोकळा होतो. डोळ्याच्या बदल्यात डोळा नाही, स्वातंत्र्य. ज्या संहितेत ‘डोळ्याबद्दल डोळा’ लिहिलं आहे, तिच्यातच लगेच पुढे फुटलेल्या डोळ्याचा मोबदला दुसऱ्या रूपात दिलेला आहे.

वचन आणखी दोन ठिकाणी येतं. लेवीयाच्या २४व्या अध्यायात त्याला एक जोड मिळते: परदेशी असो वा देशी, सगळ्यांना एकच न्याय. अनुवादाच्या १९व्या अध्यायात ते खोट्या साक्षीदाराबद्दल आहे. न्यायाधीशांनी कसून चौकशी करायची, आणि साक्ष खोटी ठरली तर त्याने दुसऱ्यावर जे ओढवायचा बेत केला होता तेच त्याला द्यायचं. एखाद्याला फासावर चढवायला निघालेला साक्षीदार दहा रुपये दंड भरून सुटू नये, असा त्याचा रोख आहे. या खटल्यात प्रत्यक्षात कुणाचाही डोळा गेलेला नाही, तरी ‘डोळ्याबद्दल डोळा’ म्हटलं आहे. म्हणजे शिक्षेचं माप गुन्ह्याइतकं असावं, एवढंच ते सांगतं. आणि तिन्ही ठिकाणी हा कायदा समाजाचा आहे. दुखावलेल्याने स्वतः जाऊन हिशोब चुकता करावा, असं कुठेच लिहिलेलं नाही.

माप कशासाठी लागलं, हे उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातला लामेख सांगतो. तो बायकांपुढे बढाई मारतो की मला जखम करणाऱ्या माणसाला मी ठार मारलं, आणि काइनाचा सूड सातपट तर माझा सत्त्याहत्तरपट. सूड घेणाऱ्याच्या हातात माप नसतं. एका डोळ्याला एकच डोळा, त्याहून जास्त नाही, ही या पार्श्वभूमीवर वरची मर्यादा ठरते.

मर्यादेची दुसरी बाजू शेजारच्या बाबिलोनियात दिसते. इसवी सनापूर्वी साधारण १७५० च्या सुमाराची हम्मुराबीची संहिता काळ्या दगडी स्तंभावर कोरलेली आहे, आणि तो स्तंभ आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्यातही डोळ्याला डोळा आहे, पण उच्चवर्गीयाने उच्चवर्गीयाचा डोळा फोडला तरच. सामान्य माणसाचा डोळा फोडला तर एक मीना, म्हणजे साधारण अर्धा किलो चांदी. दुसऱ्याच्या गुलामाचा फोडला तर त्याच्या निम्म्या किमतीवर मिटतं. त्याच संहितेत घर कोसळून घरमालकाचा मुलगा मेला तर गवंड्याच्या मुलाला मारायचं. उच्चवर्गीय गरोदर बाई मारामुळे मेली तर मारणाऱ्याच्या मुलीला. शिक्षा गुन्हेगाराला चुकवून त्याच्या लेकरावर उतरते. अनुवादाच्या २४व्या अध्यायात याला सरळ नकार आहे: बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला मारू नये. तोरात, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, गुलामांसाठी वेगळा नियम आहेच, ते झाकण्यात अर्थ नाही. पण दोन स्वतंत्र माणसांच्या डोळ्यांची किंमत त्यांच्या दर्जाप्रमाणे बदलत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आधी रानटी सूड, मग डोळ्याला डोळा, मग सुधारून पैशांची भरपाई, अशी सरळ चढती पायरी लोक मांडतात. इतिहास तसा नाही. हम्मुराबीच्या तीनेकशे वर्षं आधीच्या उर-नम्मू या सुमेरी राजाच्या संहितेत शरीराच्या इजेला चांदीचाच दंड आहे. पैसा आधी आला, आणि त्याचा दोषही उघड होता: श्रीमंताला तो परवडतो. रोममध्ये बारा पट्ट्यांच्या कायद्यात किरकोळ मारहाणीला २५ आस असा ठरलेला दंड होता. काळाच्या ओघात नाण्याची किंमत घसरली. मग लुसिअस वेरातिअस नावाचा एक उर्मट रोमन रस्त्यात भेटेल त्याच्या तोंडात मारत चालायचा आणि मागून येणारा त्याचा गुलाम थैलीतून लगेच २५ आस मोजून द्यायचा, अशी हकिकत आउलुस गेल्लिउस या लेखकाने नोंदली आहे. शेवटी न्यायाधिकाऱ्यांना तो ठरलेला दर सोडून प्रत्येक खटल्यात वेगळं मूल्यांकन करावं लागलं. डोळा घ्यायचा तर क्रौर्य होतं, आणि पैसा घ्यायचा तर अपमान करण्याचा परवाना विकल्यासारखं होतं. यहुदी राब्बींना, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितांना, पुढे या दोन्हींतून वाट काढायची होती.

कोर्टाने या वचनावरून कुणाचा डोळा काढल्याची एकही हकिकत बायबलमध्ये नाही. पण शब्दशः अर्थ घेणारे होते. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो की अवयव निकामी करणाऱ्याचाही तोच अवयव जावा, मात्र जखमीने पैसे घ्यायचं कबूल केलं तर नाही. निवड जखमीच्या हातात. राब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ म्हणजे तालमूद, त्यात राब्बी एलिएझर यांचंही मत ‘खरोखरच डोळा’ असं नोंदलं आहे, आणि मागून त्याचा अर्थ मवाळ केलेला आहे.

बाकीचे राब्बी मात्र पैशांवर ठाम आहेत. त्यांची चर्चा तालमूदच्या ‘बावा कम्मा’ या भागात, आठव्या प्रकरणात आहे. एक म्हणतो, एकाचा डोळा मोठा आणि दुसऱ्याचा लहान असेल तर बरोबरी कशी होणार? दुसरा म्हणतो, आंधळ्याने कुणाचा डोळा फोडला तर त्याचा काय घेणार? आणि न्याय तर सगळ्यांना एकच हवा. तिसरा म्हणतो, डोळा काढताना माणूस दगावला तर डोळ्याबद्दल डोळा आणि जीव असं होईल. तालमूद हे युक्तिवाद तसेच गिळत नाही. आंधळ्याबद्दल ते म्हणतं, जमेल तिथे घेऊ आणि जमत नाही तिथे सोडू, बिघडलं काय? माझ्या मते सगळ्यांत भक्कम युक्तिवाद गणनेच्या ३५व्या अध्यायातून येतो. तिथे लिहिलं आहे की खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नका. खास जिवाबद्दल मनाई करावी लागते, याचा अर्थ अवयवाबद्दल खंडणी घेण्याची रीत होती आणि ती चालत होती. दहाव्या शतकात बगदादकडच्या सादिया गाओन यांनी यात एक मुद्दा घातला: फटक्याने एखाद्याची एक तृतीयांश दृष्टी गेली, तर मारणाऱ्याची नेमकी तितकीच घालवणारा फटका कोण मारून दाखवणार?

पैसे द्यायचे म्हणजे किती? सुमारे इसवी सन २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्नेत, म्हणजे तालमूद ज्यावर चर्चा करतं त्या राब्बींच्या कायदासंग्रहात, याची पाच खाती सांगितली आहेत: नुकसान, वेदना, उपचार, बुडालेलं काम आणि अपमान. आपल्याकडे मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात वैद्यकीय खर्च, बुडालेली कमाई, वेदना अशी वेगवेगळी रक्कम मागतात, त्याच्याशी हे बरंच जुळतं. फक्त अपमानाचं खातं तिथे सापडणार नाही.

एक काल्पनिक खटला घेऊ. बाजारातल्या भांडणात एका विणकराचा डोळा फुटला. आकडे हिशोब कळावा म्हणून धरलेले आहेत, पद्धत मात्र खरी आहे.

आधी नुकसान. हा माणूस गुलाम म्हणून बाजारात उभा केला असता तर दोन डोळ्यांसह किती किंमत आली असती आणि एका डोळ्यासह किती, यातला फरक. झूझ हे त्या काळचं चांदीचं नाणं. समजा १,००० झूझ आणि ७०० झूझ, तर नुकसान ३०० झूझ. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण कष्टाची ताकद विकली-घेतली जाण्याची उघड बाजारपेठ त्या काळी तीच होती, त्यामुळे आकडा कुणाच्या मर्जीवर राहत नव्हता.

वेदनेचं खातं सगळ्यांत अवघड. मिश्ना म्हणते, अशी वेदना सोसायला त्याच्यासारखा माणूस किती पैसे मागेल ते पाहा. तालमूद लगेच हरकत घेतं: जगातली सगळी संपत्ती दिली तरी कुणी स्वतःचा हात कापून घेणार नाही. मग प्रश्नच बदलला जातो. राजाने हात तोडायचा हुकूम दिलेलाच आहे, तोडणं टळत नाही. तलवारीऐवजी औषधाने, वेदनेशिवाय तो काढून घ्यायला माणूस किती देईल? अवयवाची किंमत नुकसानात आलेलीच आहे, इथे फक्त कळ मोजायची. विणकरासाठी ५० झूझ धरू.

उपचाराच्या खात्यात मारणाऱ्याच्या पळवाटा बंद केल्या आहेत. तो म्हणाला, मीच तुला बरं करतो, तर जखमी म्हणू शकतो की तू मला दबा धरलेल्या सिंहासारखा वाटतोस. तो म्हणाला, माझ्या ओळखीचा वैद्य फुकट बघेल, तर उत्तर तयार आहे: फुकटचा वैद्य फुकाच्याच लायकीचा. लांबून वैद्य आणतो म्हणाला, तर वैद्य येईपर्यंत डोळा जाईल. जखमेमुळेच फोड आले, भरली आणि पुन्हा चिघळली, तर तोही खर्च त्याच्याच माथी. पूर्ण बरी झाल्यानंतर मात्र जबाबदारी संपते. इथे ४० झूझ.

बुडालेल्या कामात एक बारकावा आहे, आणि हिशोब हमखास चुकतो तो इथेच. विणकर ६० दिवस अंथरुणात होता म्हणून विणकराची ६० दिवसांची मजुरी द्यायची, असं वाटेल. पण डोळा गेल्याने कमी झालेली त्याची ताकद नुकसानात मोजून झाली आहे. विणकराचीच मजुरी पुन्हा धरली तर एकच तोटा दोनदा भरला जाईल. म्हणून एवढी इजा झालेला माणूस बरा झाल्यावर जे काम करू शकेल, त्याचा दर धरतात. हात गेला तर काकडीच्या मळ्याची राखण, पाय गेला तर दारावरचा पहारा, डोळा गेला तर जात्यावरचं दळण. दळणाऱ्याला रोज अर्धा झूझ धरला तर ६० दिवसांचे ३० झूझ होतात.

अपमान कुणी केला आणि कुणाचा झाला यावर ठरतो, आणि तो देण्यासाठी हेतू लागतो. वाऱ्याने छपरावरून कोसळलेला माणूस कुणाच्या अंगावर पडला तर नुकसान भरेल, अपमानाचं काही नाही. आपला खटला भर बाजारातला आहे, तेव्हा १०० झूझ. एकूण ५२०.

अपमानाच्या काही बाबींना मिश्ना दरच लावून देते. थप्पड मारली तर २०० झूझ. हाताच्या पाठीने मारली तर ४००. पाठीने मारलेली कमी लागते, पण जास्त झोंबते, म्हणून दुप्पट. कान ओढला, थुंकला आणि थुंकी अंगाला लागली, अंगावरचं वस्त्र काढलं, रस्त्यात बाईच्या डोक्यावरचा पदर ओढला, या सगळ्याला ४००. रक्कम किती मोठी? ज्याच्याकडे २०० झूझ आहेत त्याने शेतात गरिबांसाठी सोडलेलं धान्य उचलू नये, असा नियम होता, म्हणजे २०० झूझ ही गरिबीची रेषा. वेरातिअसला हा दर थैलीतून सहज मोजता आला नसता.

इथे राब्बी अकिवा यांच्यापुढे आलेला खटला नोंदलेला आहे. एकाने रस्त्यात एका बाईचं डोकं उघडं केलं. अकिवांनी ४०० झूझ द्यायला सांगितले. त्याने मुदत मागून घेतली, तिच्या अंगणाच्या दारात थोड्याशा तेलाची कुपी फोडली आणि साक्षीदार उभे केले. तिने स्वतःच डोकं उघडं करून सांडलेलं तेल हाताने टिपून केसांना चोळलं. तो अकिवांकडे आला: दोन पैशांच्या तेलासाठी जी स्वतः डोकं उघडं करते, तिला मी ४०० द्यायचे? अकिवा म्हणाले, तू काहीच सिद्ध केलेलं नाहीस. माणसाने स्वतःला इजा करणं योग्य नाही, पण केली तर त्याला दंड नाही. दुसऱ्याने केली तर आहे. गरिबाची अब्रू स्वस्त असते, हा बचाव अकिवांनी चालू दिला नाही. इस्राएलातल्या अगदी गरिबालाही मालमत्ता गमावलेला खानदानी माणूस समजा, हे मत त्याच मिश्नेत त्यांच्या नावावर आहे.

लगेच पुढे मिश्ना म्हणते की पाचही खाती चुकती केली तरी जखमीची क्षमा मागेपर्यंत मारणाऱ्याला माफी नाही, आणि क्षमा मागितल्यावर जखमीनेही निष्ठुर राहू नये. बाराव्या शतकात मायमोनिडीस यांनी डोळ्याचं वचन आणि पैशांचा कायदा यांची सांगड अशी घातली: मारणारा खरं तर स्वतःचा अवयव गमावण्याच्या लायकीचा आहे, म्हणूनच तो पैसे भरतो. तोरात नुसता दर लिहिला असता तर ही लायकी दिसली नसती.

आता मत्तयाचा पाचवा अध्याय. येशू म्हणतात, ‘डोळ्याबद्दल डोळा असं सांगितलेलं तुम्ही ऐकलं आहे, पण मी सांगतो, दुष्टाला अडवू नका, तुझ्या उजव्या गालावर कुणी मारलं तर दुसराही पुढे कर.’ उजवाच गाल का? समोरच्याने उजव्या हाताने मारलं तर तळहात तुमच्या डाव्या गालावर बसतो. उजव्या गालावर मारायचं तर हाताची पाठच लागते. मिश्ना येशूंनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी संकलित झाली, तेव्हा ४०० चा आकडा त्यांच्या काळी हाच होता असं म्हणता येत नाही. पण तो फटका कशासाठी असतो हे ऐकणाऱ्यांना ठाऊक होतं. बोलणं डोळा फोडणाऱ्या गुंडाबद्दल नाही, अपमानाबद्दल आहे, आणि ज्याच्याकडे दावा आहे त्याला तो सोडायला सांगितलं आहे. पुढची उदाहरणंही तशीच: अंगरख्यासाठी फिर्याद करणाऱ्याला वरचं वस्त्रही दे, वेठीला धरून एक मैल नेणाऱ्याबरोबर दोन मैल जा. वरचं वस्त्र गहाण घेतलं तर सूर्यास्तापूर्वी परत द्यायचा नियम निर्गमातच आहे. म्हणजे कायदा गरिबाचं जे वस्त्र रात्रभरही ठेवून घेऊ देत नाही, ते तो स्वतः काढून देतो.

यावरून येशूंनी न्यायालयंच मोडीत काढली का? टॉलस्टॉय यांनी जवळजवळ तसंच वाचलं. ऑगस्टीन आणि नंतर लूथर यांनी फरक केला: हे माणसाच्या स्वतःच्या वागण्याबद्दल आहे, न्यायाधीशाच्या कामाबद्दल नाही. योहानाच्या १८व्या अध्यायात प्रमुख याजकापुढे शिपाई येशूंना थप्पड मारतो. तेव्हा ते दुसरा गाल पुढे करत नाहीत, ‘मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, नाहीतर मला का मारतोस?’ असं विचारतात. गाल पुढे करणं म्हणजे अन्यायावर मुकाट राहणं, हा अर्थ निदान या प्रसंगाला पटत नाही.

कुराणाच्या पाचव्या सूरेत, ४५व्या आयतीत, तोरातल्या या नियमाचा थेट उल्लेख आहे: जिवाबद्दल जीव, डोळ्याबद्दल डोळा, नाक, कान, दात. त्याला पुढे जोड आहे की जो हा हक्क दान म्हणून सोडेल, त्याच्यासाठी ते पापक्षालन ठरेल. निवड जखमीकडे राहते: बदला, भरपाई किंवा माफी. शरीराच्या जखमांना बदला लावायचा तर नेमकी बरोबरी शक्य हवी, नाहीतर भरपाईच, असं फकिहांनी, म्हणजे इस्लामी कायद्याच्या पंडितांनी, ठरवलं. सादियांची अडचण त्यांनाही दिसली होती. इराणमध्ये २००४ साली ॲसिड हल्ल्यात आंधळ्या झालेल्या एका तरुणीला कोर्टाने २००८ मध्ये हल्लेखोराचे डोळे घेण्याचा हक्क दिला. ३१ जुलै २०११ रोजी, शिक्षेची तयारी झालेली असताना, तिने त्याला माफ केलं. भरपाईची मागणी मात्र तिने सोडली नाही.